वजिरावजिरी करायची, पण आधी कोणी मारायचं?

पांढऱ्याचा राजा डी४ वर, वजीर जी५ वर आणि एकुलतं एक प्यादं ई४ वर. काळ्याकडे राजा ई८ वर आणि वजीर ई७ वर, बाकी काही नाही. चाल पांढऱ्याची. पट समोर असेल तर ही पाच मोहरी मांडून घ्या, कारण पुढचं बरंचसं बोलणं त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

बुद्धिबळ शिकताना पहिल्या काही महिन्यांतच कानावर पडणारा सल्ला असा, की मोहरी जास्त असतील तर मारामारी करत जा. त्यातही वजिरावजिरी आधी करा, म्हणजे वजिराच्या बदल्यात वजीर देऊन दोन्ही वजीर पटावरून काढा. सल्ला खोटा नाही. घोडा किंवा उंट तीन गुण, हत्ती पाच, वजीर नऊ असा नेहमीचा हिशोब धरला, तर सुरुवातीला दोन्ही बाजूंना राजा सोडून ३९ गुण असतात. एक घोडा फुकट मिळाला की ३९ विरुद्ध ३६. हा फरक पटाच्या गर्दीत हरवून जातो. वजीर आणि हत्ती निघून गेले, की तोच घोडा २० विरुद्ध १७ अशा छोट्या फौजेत लढतो आणि त्याचं वजन जाणवू लागतं.

पण गुणोत्तराचं हे गणित लक्षात ठेवण्यापुरतंच खरं आहे. मागे पडलेल्या खेळाडूला वजीर हवा असतो तो वेगळ्याच कारणासाठी. हरत आलेला डाव वाचवायचे जे हुकमी मार्ग आहेत, त्यांतले बहुतेक वजिराच्या हातात असतात. उघड्यावर आलेल्या राजाला शहावर शह देत तीच स्थिती पुन्हा पुन्हा आणणं हा एक. वजिराचाच बळी देऊन आपल्या राजाला अशा जागी अडकवणं, की शह नाही पण खेळायला एकही चाल उरली नाही, हा दुसरा. आणि समोरच्याचं लक्ष प्याद्यावर असताना त्याच्या राजावर मात आणणं हा तिसरा. वजीर गेला की हे तिन्ही मार्ग जवळजवळ बंद होतात. म्हणून पुढे असलेला वजिरावजिरी मागतो आणि मागे असलेला ती टाळतो.

आता आपल्या पटाकडे. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त आहे. वजीर पटावर ठेवून हे प्यादं शेवटच्या घरापर्यंत नेणं किती त्रासाचं असतं, हे केलेल्यालाच कळतं. काळा वजीर दर चालीला नव्या दिशेने शह देतो आणि पांढऱ्या राजाला लपायला एका प्याद्यापलीकडे आडोसा नसतो. तेव्हा वजीर काढायचे, हे नक्की. प्रश्न एवढाच, की कसे?

दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे जी५ वरच्या वजिराने ई७ वरचा वजीर थेट मारायचा. दुसरा जास्त रुबाबदार आहे: वजीर ई५ वर आणायचा. तिथून तो काळ्या वजिराला राजासमोर जखडतो, शिवाय आपला राजा त्याच्या पाठीशी उभा असतोच. काळ्याने मारलं तर आपला राजा मारत मारत एक घर पुढे जाणार. मला विचाराल तर क्लबात खेळणारे दहातले निम्मे तरी हा दुसरा रस्ता धरतील. राजा पुढे जातोय ना, मग वाईट काय?

पहिला रस्ता आधी पाहू. पांढरा ई७ वर मारतो, काळा राजा ई८ वरून ई७ वर येऊन वजीर परत घेतो. आता चाल पांढऱ्याची आहे आणि तो राजा डी४ वरून ई५ वर आणतो. दोन्ही राजे एकाच उभ्या पट्टीत समोरासमोर, मध्ये एकच रिकामं घर, आणि चाल काळ्याची. बुद्धिबळात याला ऑपोझिशन म्हणतात: ज्याच्यावर चाल नाही, त्याची बाजू वरचढ. काळ्याला हलावंच लागतं. तो डी७ वर गेला तर पांढरा राजा एफ६ वर घुसतो, एफ७ वर गेला तर डी६ वर, मागे सरला तर ई६ वर. डी६, ई६ आणि एफ६ ही ई४ वरच्या प्याद्याची किल्लीची घरं आहेत. त्यांतल्या एकावर राजा पोचला, की प्याद्याचा वजीर होणं काळ्याला थांबवता येत नाही. मात्र ई७ वरच्या मारामारीनंतर पांढऱ्याने राजाऐवजी घाईने प्यादं ई५ वर ढकललं, तर काळा राजा ई६ वर त्याच्यासमोर ठाण मांडतो आणि डाव बरोबरीत जातो.

दुसरा रस्ता. पांढरा वजीर ई५ वर, काळा तो मारतो, पांढरा राजा ई५ वर परत मारतो. राजा अगदी त्याच घरावर पोचला, प्यादंही तेच. पण आता चाल काळ्याची, आणि त्याचा राजा अजून ई८ वर आहे. तो ई७ वर येतो. डाव वाचवणारी ही त्याची एकमेव चाल, पण एक पुरते. राजे पुन्हा समोरासमोर आले आणि या खेपेला हलायची पाळी पांढऱ्याची. राजा डी५ वर गेला तर काळा डी७ वर. प्यादं ई५ वर गेलं तर काळा ई७ वर परत, प्यादं ई६ वर गेलं तर काळा सरळ मागे ई८ वर. पांढरा डी६, काळा डी८, प्यादं ई७ वर शह देतं, काळा ई८ वर. आता प्यादं सोडलं तर ते जातं, आणि ते राखायला राजा ई६ वर आणला तर काळ्याला शह नाही आणि चालही नाही. बरोबरी.

दोन्ही रस्त्यांनी मोहरी सारखीच निघाली. शेवटी पांढरा राजा ई५ वर, काळा राजा ई७ वर आणि प्यादं ई४ वर, हे चित्रही घरागणिक तेच. बदललं ते इतकंच, की त्या चित्रात चाल कोणावर आली. आपण मारलं आणि त्याने परत घेतलं, की पुढची चाल आपली. त्याने मारलं आणि आपण परत घेतलं, की पुढची चाल त्याची. वजिरावजिरी ‘होणार आहे’ असं आपण मनात धरतो तेव्हा हा भाग नजरेतून निसटतो. म्हणून मारण्याआधी दोन्ही वजीर डोळ्यांसमोरून पुसून टाकावेत, उरलेले राजे आणि प्यादी कुठे आहेत ते पाहावं आणि चाल कोणाची ते विचारावं. गुण मोजणं त्यानंतर.

उरलेल्या मोहऱ्यांचा प्रकारही तितकाच पाहावा लागतो, आणि इथे पुढे असलेला हमखास फसतो तो उंटांमुळे. दोघांकडे एकेक उंट आहे, पण एकाचा पांढऱ्या घरांवरचा आणि दुसऱ्याचा काळ्या. वजीर पटावर असताना अशा स्थितीत हल्ला करणाऱ्याची चैन असते. त्याचा उंट ज्या घरांवर मारा करतो, त्यांचं रक्षण समोरच्या उंटाला करताच येत नाही, त्यामुळे वजीर आणि उंट मिळून त्याच रंगाच्या घरांवरून राजाला घेरतात. तोच दोष वजीर निघाल्यावर बचाव करणाऱ्याचा आधार बनतो. तो राजा आणि उंट घेऊन प्याद्यांच्या वाटेतल्या आपल्या रंगाच्या घरावर बसतो, आणि त्याला तिथून उठवण्याचं साधन समोरच्याकडे नसतं. दोन प्यादी जास्त असूनही असे डाव बरोबरीत सुटतात. म्हणजे इथे मागे पडलेल्यालाच वजिरावजिरी हवी असते.

कडेच्या प्याद्याचंही असंच. ए पट्टीतलं प्यादं आणि काळ्या घरांवरचा उंट एवढंच पांढऱ्याकडे जास्त असेल, तर वजीर काढण्याआधी काळा राजा ए८ च्या कोपऱ्यात पोचू शकतो का, ते बघा. ए८ हे पांढरं घर आहे, आपला उंट ते कधीच हिसकावू शकत नाही. गुणांच्या हिशोबाने चार गुणांची आघाडी, प्रत्यक्षात बरोबरी.

मग सगळं इतकं नाजूक असेल तर वजीर ठेवूनच का जिंकू नये? तसंही जिंकता येतं, आणि गंमत म्हणजे तिथेही हत्यार वजिरावजिरीचंच असतं. १९५४ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपियाडमध्ये तेव्हाचा जगज्जेता मिखाइल बॉटविनिक बल्गेरियाच्या मिनेवविरुद्ध वजीर आणि जी पट्टीतलं प्यादं विरुद्ध वजीर अशा अखेरीत पोचला. आपला राजा प्याद्याच्या आडोशाला दडवावा असं कोणालाही वाटेल. या अखेरीचं तंत्र उलटं आहे. आपला राजा समोरच्या राजाच्याच पट्टीत किंवा ओळीत, नाहीतर त्याच्या शेजारच्या पट्टीत न्यायचा. मग त्याने शह दिला, की आपण आपला वजीर मध्ये घालतो, आणि राजे एका रेषेत आल्यामुळे तो मध्ये आलेला वजीर उलट शह देतो. आता त्याला वजिरावजिरी करावीच लागते. त्या धास्तीने त्याचे बरेचसे शह देण्याजोगेच राहत नाहीत. बॉटविनिकने तो डाव जिंकला. प्रत्यक्षात वजीर मारण्याची वेळ आली नाही तरी चालतं, पण मारले तर उरणारी प्याद्याची अखेर जिंकलेली असावी लागते. ती बरोबरीची असेल तर धमकी पोकळ ठरते आणि समोरचा खुशाल शह देत राहतो.

पुन्हा आपल्या पाच मोहऱ्यांकडे येऊ आणि एकच बदल करू: प्यादं ई४ ऐवजी एक घर मागे, ई३ वर ठेवू. बाकी सगळं तसंच. पांढरा तोच रुबाबदार रस्ता धरतो, वजीर ई५ वर. काळा मारतो, राजा परत मारतो, काळा राजा ई७ वर येतो. मघाशी डाव जिथे वाचला, तेच घर. पण आता पांढऱ्याकडे राजा न हलवता खेळायला एक चाल शिल्लक आहे: प्यादं ई३ वरून ई४. राजे जागच्या जागी, आणि हलायची पाळी काळ्याची. तो डी७ वर गेला की पांढरा एफ६ वर. मागे राहिलेलं प्यादं आळशी वाटतं खरं, पण इथे त्याची ती न वापरलेली चालच अर्धा गुण मिळवून देते.