दांड्यावर आदळल्यानंतरचा लाल थेंब

मे महिन्यात नागपुरात कुणाची लघवी लालसर झाली की घरातलं निदान तयार असतं: उन्हाळी लागली. मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक आणि वर सल्ला, ‘भरपूर पाणी पी, निघून जाईल.’ उन्हामुळे जळजळ होत असेल तर पाणी पिण्यात काही चूक नाही. पण सायकलच्या दांड्यावर आदळलेल्या मुलाच्या चड्डीला रक्ताचा डाग लागला आणि त्यालाही हेच दिलं, तर उपाय उलटा पडतो. तो का पडतो हे कळायला रक्त येतं कुठून ते पाहावं लागेल.

समजा, साठ किलो वजनाचा एक मुलगा सेमिनरी हिल्सचा चढ पायडलवर उभा राहून चढतो आहे. चेन उतरते, पायडल एकदम मोकळं फिरतं, पाय सुटतात आणि तो दोन्ही पाय दोन बाजूंना टाकून आडव्या दांड्यावर बसकण मारतो. पडणं जेमतेम पंधरा सेंटिमीटरचं. पण दीड सेंटिमीटरच्या आत शरीर थांबलं, तर तो क्षणिक दाब अंगाच्या वजनाच्या साधारण दहापट होतो. हातांनी थोडा भार घेतला तर त्याहून कमी. कूलरमध्ये पाणी भरताना स्टुलावरून घसरून ग्रिलवर पाय फाकून पडलेल्या माणसाचं गणितही हेच.

सीटवर बसतो तेव्हा वजन बैठकीच्या दोन हाडांवर जातं. दांडा अरुंद असतो, तो त्या दोन हाडांच्या मधून सरळ शिवणीत घुसतो. शिवण म्हणजे अंडकोशाची पिशवी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा. तिथे कातडीच्या आत दोन-तीन सेंटिमीटरवर लघवीची नळी असते आणि तिच्या डोक्यावर जघनास्थीची कमान. दांडा हातोडा, हाड ऐरण, आणि मध्ये नळी. पुरुषाची ही नळी साधारण वीस सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा, लोंबता भाग धक्का लागला की बाजूला सरकतो. शिवणीतला भाग मात्र हाडाखाली घट्ट बांधलेला असल्यामुळे त्याला पळायला जागा नसते. म्हणून अशा अपघातात नळी चिरडते ती बहुतेक वेळा इथेच.

आता रक्ताकडे. या भागात नळीभोवती स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं आवरण असतं. नळीचं अस्तर फाटलं की हे रक्त थेट नळीत उतरतं. मूत्राशयाकडे जाणारी वाट वरच्या बाजूला एका स्नायूच्या कड्याने बंद असते. लघवी अडवून धरताना आपण आवळतो तेच हे कडं. ते एरवी आवळलेलंच असल्याने रक्त वर जाऊ शकत नाही, ते खाली वाहतं आणि लघवी न करताच नळीच्या तोंडाशी थेंब दिसतो. मूत्राशयातून किंवा मूत्रपिंडातून येणारं रक्त लघवीत मिसळून येतं. आपोआप टपकणारा थेंब कड्याच्या खालच्या भागाकडे बोट दाखवतो. मात्र थेंब किती मोठा यावरून जखम किती मोठी हे ठरत नाही. नळी पूर्ण तुटूनही दोनच थेंब येऊ शकतात आणि नुसत्या खरचटण्यात चड्डी भिजू शकते.

खरी गंमत (रुग्णासाठी अर्थातच नाही) पुढे आहे. फाटलेल्या नळीतून जोर लावून लघवी केली, तर ती फटीतून मांसात शिरते. ती कुठवर पसरेल हे शरीरातल्या पातळ, चिवट पडद्यांनी आधीच ठरवलेलं असतं. नळीलगतचा पहिला पडदा शाबूत असेल तर रक्त आणि लघवी शिस्नातच कोंडली जाते, ते काळंनिळं पडून सुजतं. तोही फाटला तर दुसऱ्या पडद्याखालची जागा मोकळी होते. हा पडदा मागे गुदद्वाराच्या अलीकडे पक्का चिकटलेला असतो आणि बाजूंना मांडीच्या आवरणाला शिवल्यासारखा असतो. त्यामुळे शिवणीत पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा निळा डाग उमटतो, अंडकोश फुगतो, पण मांड्या स्वच्छ राहतात. पुढच्या बाजूला मात्र अडसर नाही. तिकडून लघवी पोटाच्या कातडीखाली चढू शकते. त्यात जंतू वाढले तर ऊती सडायला लागतात आणि मामला जिवावर येतो.

आता ‘भरपूर पाणी पी’चा हिशोब करा. साठ किलोच्या माणसाची लघवी तासाला सुमारे साठ मिली तयार होते. मूत्राशय तीनशे मिलीला टोचू लागतं, चारशे-पाचशेला थांबवत नाही. म्हणजे घरून निघताना लघवी केली असेल, तर दवाखान्यात पोचायला चार-पाच तास हाताशी असतात. घामाने सुकलेला नसताना लिटरभर पाणी रिचवलं, तर पुढच्या तासातच अर्धा लिटर लघवी तयार होऊ शकते. मग ती दाबणं अशक्य, आणि केली की फटीतून आत.

म्हणून अशा वेळी लघवी करून बघू नये. आडवं पडावं, कापडात गुंडाळलेला बर्फ शिवणीवर पंधरा-वीस मिनिटं धरावा, तहान लागली तर घोटभर पाणी घ्यावं आणि १०८ ला फोन करून किंवा गाडीने मेडिकल, मेयो किंवा युरॉलॉजिस्ट असलेलं जवळचं रुग्णालय गाठावं. ‘मुका मार आहे’ म्हणून तेल चोळणं आणि गरम शेक या दोन्हींनी रक्तस्राव वाढतो. कॅज्युअल्टीत लाजेपोटी ‘पाय घसरला’ एवढंच सांगून भागत नाही. दांड्यावर आदळलो, लघवीच्या जागी रक्त आलं, त्यानंतर लघवी केलेली नाही, ही तीन वाक्यं स्पष्ट सांगा. ती ऐकली की लघवी तुंबलेल्या माणसाला सरसकट कॅथेटर घालणारा हात थांबतो. आंधळेपणाने सरकवलेली नळी अर्धवट फाटलेल्या जागेतून बाहेर निसटून पूर्ण चीर पाडू शकते. तातडीच्या प्रसंगी अनुभवी डॉक्टर एकदा हलक्या हाताने प्रयत्न करतात, पण अडली की थांबतात.

नेहमीचा रस्ता आरजीयू नावाच्या एक्स-रेचा. रुग्णाला थोडं कुशीवर वळवून लघवीच्या नळीच्या तोंडातून वीस-तीस मिली क्ष-किरणांत दिसणारं औषध हळूच सोडतात. ते सरळ मूत्राशयात गेलं तर नळीला नुसता मार बसला आहे. काही बाहेर सांडलं आणि काही मूत्राशयात पोचलं तर अर्धवट फाटली. सगळंच सांडलं, वर काहीच गेलं नाही, तर बहुधा पूर्ण तुटली. फाटलेली असेल तर बहुतेकदा ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालतात. दवाखान्यात तिला एसपीसी म्हणतात. दाबून ठेवलेली लघवी इथे कामाला येते, कारण भरलेलं मूत्राशय सोनोग्राफीत चटकन सापडतं. दोन-तीन आठवडे लघवी या आडवाटेने जाते, मग पुन्हा आरजीयू.

बाईची ही नळी जेमतेम चार सेंटिमीटर असते आणि अशा पडण्यात क्वचितच फाटते. मुलींमध्ये बहुधा बाहेरची कातडी चिरते. पण रक्त नेमकं कुठून येतंय हे बाहेरून घरच्यांना ठरवता येत नाही, त्यामुळे दाखवावं लागतंच.

चिरडलेली जागा भरते ती व्रणाने, आणि व्रण आक्रसतो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी धार बारीक होते, फाटते, संपता संपत नाही. तोवर सायकलचं पडणं कुणाच्या लक्षातही नसतं. घरी मोजायचं असेल तर मापाच्या भांड्यात लघवी करा आणि घड्याळ बघा. तरुण माणसाला तीनशे मिलीला वीसेक सेकंद पुरतात. अर्ध्या मिनिटाहून जास्त लागले तर धारेच्या वेगाचा आलेख काढणारी युरोफ्लो तपासणी करून घ्यावी. निरोगी आलेख टेकडीसारखा चढून उतरतो, अडलेल्या नळीचा ओट्यासारखा सपाट असतो. ‘लेसरने दहा मिनिटांत कायमचा इलाज’ अशा जाहिराती दिसतात, पण मार लागून आलेला असा व्रण आतून कापला तर तो पुन्हा धरण्याचं प्रमाण मोठं आहे. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान अडथळा उघड्या शस्त्रक्रियेने काढून टोकं जोडली, तर दहापैकी नऊ जणांची धार टिकते. ती शस्त्रक्रिया अपघातानंतर निदान तीन महिन्यांनी करतात, आणि पोटातून नळी घातलेली असेल तर ती तोवर ठरल्या वेळी बदलून घ्यावी लागते.