लाईट आली, पण पीसी का नाही आला? त्यामागची जुनी गोष्ट

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदम लाईट गेली, कळवा-पडघा ४०० केव्हीच्या लाईनवर लोड आला आणि ग्रिड झोपलं, आठवत असेल सगळ्यांना. मी नेरुळला घरी, वर्क फ्रॉम होम चालू, आणि आमच्या वागळे इस्टेटच्या छोट्या ऑफिसात एक जुना डेस्कटॉप उबुंटूवर चालायचा, सगळ्यांच्या फाइल्स आणि बॅकअप त्याच्यावर. लाईट परत आली, राउटर आला, राउटरला पिंग जातंय, पण हा बाबा गायब. ऑफिसात कुणी नाही, लोकल फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना, शेवटी बाइक काढून गेलो. काय बिघडलं होतं? काहीच नाही. बटन दाबलं आणि चालू झाला.

तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागे लागलोय. कारण माझ्या लहानपणीचे पीसी असं करायचेच नाहीत.

१९८१ च्या आयबीएम पीसीला बाजूला मागच्या अंगाला एक मोठा लाल खटका होता. घरातल्या पंख्याच्या बटनासारखा, खाली-वर होणारा. नंतरच्या एटी कॅबिनेटमध्ये तो पुढे आला आणि बटन झाला, पण आत जाऊन बघितलं तर एसएमपीएसपासून जाड वायर थेट त्या बटनापर्यंत यायची आणि त्यात चक्क २३० व्होल्ट असायचे, उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालून शॉक खाल्लेले लोक अजून भेटतात. तर मुद्दा असा की बटन दाबलं की ते आत अडकून बसायचं. लाईट गेली तरी ते दाबलेलंच. लाईट आली की करंट सरळ आत, पीसी चालू. “मी चालू होतो” हे लक्षात ठेवायला वेगळं काही लागायचंच नाही, ते प्लास्टिकचं बटनच लक्षात ठेवायचं.

याची दुसरी बाजू म्हणजे सॉफ्टवेअरला पीसी बंद करता यायचा नाही. विंडोज ९५ शटडाऊन केल्यावर काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरात “आता बंद करायला हरकत नाही” अशा अर्थाचं इंग्लिश वाक्य यायचं, आणि मग आपण उठून बटन दाबायचं.

१९९५ ला इंटेलने एटीएक्स आणलं आणि इथे खरी गोष्ट फिरली. आता समोरचं बटन म्हणजे नुसती डोअरबेल. दाबलं की मदरबोर्डला इशारा जातो, सोडलं की वर येतं, ते काहीही लक्षात ठेवत नाही. एसएमपीएस बंद असतानाही एका जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट स्टँडबाय देत राहतो, त्याच्यावर बोर्डाचा एक छोटा कोपरा जागा असतो, आणि तो कोपरा हिरवी वायर ग्राउंडला खेचतो तेव्हा बाकीचा पॉवर सप्लाय सुरू होतो. रिपेअरवाले एसएमपीएस चेक करायला यू-पिन वाकवून हिरवी-काळी शॉर्ट करतात ना, तेच काम. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं पॉवर सांभाळायचं स्टँडर्ड आणलं आणि “बंद”चे दोन प्रकार रीतसर कागदावर आले, एक सॉफ्ट ऑफ, ज्यात स्टँडबाय जिवंत आहे, आणि एक मेकॅनिकल ऑफ, म्हणजे प्लगच काढलेला.

लाईट जाते तेव्हा पीसी त्या दुसऱ्या प्रकारात पडतो, जागा कोपरासुद्धा मरतो. परत लाईट आल्यावर बोर्डाला ठरवायचं असतं, उठायचं की पडून राहायचं. आणि ते ठरवायला आधीची आठवण पाहिजे. इंटेलच्या चिपसेटमध्ये त्यासाठी एक बिट आहे, अक्षरशः एकच, ० असला तर लाईट आल्यावर बूट हो, १ असला तर बंदच रहा. हा बिट घड्याळाच्याच भागात ठेवलाय, जो बोर्डावरच्या नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलवर चालतो. म्हणजे जे काम लाल खटका फुकटात करायचा ते आता ३ व्होल्टच्या सेलवर.

बायोसमध्ये आपल्याला याचं जे दिसतं त्याचं नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, हा एक वैताग. कुठे `Restore AC Power Loss`, कुठे `AC BACK`, कुठे `AC Recovery`, कुठे `After Power Loss`. पर्याय मात्र साधारण तीनच, बंद रहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. साध्या डेस्कटॉपला फॅक्टरीतून बहुतेकदा “बंद रहा” असतं, कारण घरात रात्री दोनला लाईट आल्यावर पीसी भणभणायला लागला तर लोक शिव्या घालतील. सर्व्हरवाल्यांनी हा प्रश्न वेगळा सोडवला, १९९८ मध्ये आलेल्या आयपीएमआयमुळे बोर्डावर एक स्वतंत्र छोटा कंट्रोलर असतो आणि त्याला `ipmitool chassis policy always-on` एवढं सांगितलं की झालं, पण वागळे इस्टेटमधल्या जुन्या डेस्कटॉपला ते कुठलं.

आता माझ्या केसकडे येतो. माझ्या बायोसमध्ये “आधी होतास तसा” म्हणजे `Last State` लावलेलं होतं आणि मला वाटायचं हेच सगळ्यात शहाणपणाचं. पण मी हुशारी करून यूपीएस यूएसबीने जोडला होता आणि एनयूटी टाकलं होतं, बॅटरी संपत आली की ते मशीन नीट शटडाऊन करतं. त्या दिवशी तसंच झालं. वीसेक मिनिटं यूपीएसने ओढलं, मग शटडाऊन झालं, आणि शटडाऊन होताना बायोसने त्या बिटात प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की आता “बंद”. मग यूपीएस मेला. लाईट आली तेव्हा आधीची अवस्था काय? बंद. मग बंदच राहिला. म्हणजे यूपीएस नसता तर मशीन धाडकन गेलं असतं आणि आपोआप आलं असतं! लॉगमध्ये हे सरळ दिसतं, `last -x` मारलं तर शटडाऊनची नीट नोंद आहे म्हणजे कुणीतरी व्यवस्थित बंद केलंय, नुसता `crash` दिसला तर लाईट अचानक गेली.

मग सेटिंग “चालू हो” केलं आणि निश्चिंत झालो. पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

या वेळी प्रकार वेगळा होता. लाईट बराच वेळ गेली, बॅटरी खाली आली, एनयूटीने शटडाऊन सुरू केलं आणि मशीन बंद होत असतानाच लाईट परत आली. यूपीएसचं आउटपुट एक क्षणही तुटलं नाही. बोर्डाच्या दृष्टीने लाईट गेलीच नाही, कुणीतरी बंद केलं एवढंच, त्यामुळे ते सेटिंग कामाला येण्याचा प्रश्नच नाही. हा जुना, नीट माहीत असलेला घोळ आहे आणि त्याच्यावरचा उपायही जुना आहे. मशीनने अगदी शेवटच्या टप्प्यावर यूपीएसला सांगायचं की आता तूही आउटपुट तोड, आणि मेन लाईन असेल तर थोडं थांबून परत दे. एनयूटीमध्ये `upsmon.conf` मध्ये ही ओळ लागते:

```
POWERDOWNFLAG /etc/killpower
```

यूएसबी यूपीएसच्या ड्रायव्हरमध्ये डिफॉल्ट असं की हुकूम मिळाल्यावर २० सेकंदांनी आउटपुट जातं, आणि परत द्यायची मुदत ३० सेकंदांची. आउटपुट तुटतं तेवढा वेळ बोर्डाला खरी लाईट गेल्यासारखं वाटतं, आणि मग तो उठतो. टेस्ट करायची तर मशीनसमोर बसून `upsmon -c fsd` द्यायचं, प्लग काढायचाच नाही. पीसी बंद होतो, मग यूपीएसमधून खट्ट असा रिलेचा आवाज येतो आणि दिवे जातात, थोड्या वेळाने परत खट्ट, आणि फॅन फिरायला लागतो. दुसरी खट्ट आली नाही तर तुमच्या यूपीएसला हा हुकूम कळत नाही, आणि स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना कळत नाही, त्यातल्या काहींना तर यूएसबीच नसतं.

मध्ये कुणीतरी म्हणालं की वेक ऑन लॅन लाव ना, म्हणजे नेटवर्कवरून इशारा पाठवून पीसी उठवायचा. १९९५ चंच आहे तेही, एएमडी आणि एचपीचं मॅजिक पॅकेट, सहा वेळा एफएफ आणि मग मॅक अॅड्रेस सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. हे सॉफ्ट ऑफमधून मस्त चालतं, म्हणजे वरच्या दुसऱ्या प्रसंगात मला उपयोगी पडलं असतं. पण पूर्ण लाईट गेल्यावर नाही, निदान पुष्कळ बोर्डांवर नाही, कारण कान उघडे ठेव हे नेटवर्क कार्डला ड्रायव्हर शटडाऊनच्या वेळी सांगतो आणि करंट गेला की कार्ड तेही विसरतं. शिवाय बायोसमध्ये `ErP` चालू असेल तर स्टँडबायवरचं जवळपास सगळंच बंद होतं. तो पर्याय आला युरोपच्या वीजबचतीच्या नियमामुळे, बंद उपकरणाने २०१० पासून १ वॅट आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटपेक्षा जास्त खायचं नाही. चांगलाच नियम आहे, पण लांबच्या मशीनवर तो पर्याय बंद ठेवा. आणि पॅकेट पाठवायला त्याच लॅनवर कुणीतरी जागं लागतं. मी तिथे एक रास्पबेरी पाय ठेवलाय, त्याला पॉवरचं बटनच नाही, करंट आला की बूट, म्हणजे फिरून आपण लाल खटक्याच्याच जमान्यात.

तिसरा प्रसंग सेलचा. लाईट आली, मशीन येईना, वॉचमन काकांना फोन केला, तर काका म्हणाले, “अहो साहेब, लाईट पेटलीय की डब्याची, पंखा पण फिरतोय.” रास्पबेरी पाय चालू, राउटर चालू, मशीन चालू, पण पिंग नाही. त्यांना म्हटलं मॉनिटरचं बटन दाबा आणि दिसतंय ते वाचा. काकांनी एकेक इंग्लिश अक्षर वाचायला घेतलं, “पी… आर… ई…” आणि मला तिथेच कळलं. `Press F1 to Run SETUP`. सेल मेलेला, बायोसची सेटिंग्ज उडालेली, आणि बोर्ड माणसाची वाट बघत उभा. काकांनी एफ१ दाबलं, मग एस्केप, मग वाय, फोनवर दहा मिनिटं गेली पण आलं.

सेल लवकर का मेला त्याचंही कारण आहे. मशीनला करंट असतो तोवर घड्याळ स्टँडबायवर चालतं, सेलला काम नसतं, सेल वर्षानुवर्षं टिकतो. पण लॉकडाऊनच्या आधी आमच्याकडे रोज रात्री जाताना शेवटचा माणूस मेन स्विच खाली करायचा, वीजबिल वाचवायला. वर्षानुवर्षं रोज रात्री ते घड्याळ सेलच पीत होतं.

आता सेल नवा आहे, त्याच्यावर मार्करने तारीख टाकलीय. बायोसमध्ये एरर आली तर एफ१ साठी थांब असा एक पर्याय असतो, तो बंद केलाय. आणि मेन स्विचवर चिकटपट्टी लावून लिहिलंय, “कृपया हा बंद करू नये”. काकांनी त्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात माझा मोबाइल नंबर लिहून ठेवलाय.