फॉन्टन सर्क्युलेशन (एकाच जवनिकेचं हृदय)

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात, उजवी फुफ्फुसाकडे रक्त ढकलते आणि डावी अख्ख्या शरीराला. काही बाळांमध्ये यातली एक जवनिका वाढतच नाही, म्हणजे पंप करण्याच्या लायकीची एकच उरते. उदाहरणार्थ ट्रायकस्पिड अट्रेसियामध्ये उजवीकडची झडप तयारच होत नाही आणि उजवी जवनिका इवलीशी राहते, किंवा हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्टमध्ये डावी बाजूच खुरटलेली असते. नसलेला कप्पा ऑपरेशनने बनवता येत नाही, म्हणून सर्जन उलटा विचार करतात: जो एक चांगला पंप आहे तो शरीराला द्यायचा आणि फुफ्फुसात रक्त पंपाशिवायच जाऊ द्यायचं. फ्रान्समधल्या बोर्डो शहरात फ्रान्सिस फॉन्टन यांनी १९६८ मध्ये ट्रायकस्पिड अट्रेसियासाठी असं ऑपरेशन केलं आणि १९७१ मध्ये ते छापलं, त्यावरून हे नाव पडलं.

हे एका दमात करता येत नाही, कारण नवजात बाळाच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा रेझिस्टन्स जास्त असतो आणि पंपाशिवाय रक्त तिथे शिरणारच नाही. म्हणून बहुतेकदा पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत फुफ्फुसाला जाणारं रक्त बेताचं ठेवायचं, कमी असेल तर छोटा शंट, म्हणजे रक्ताला वाट देणारी नळी, टाकून आणि जास्त असेल तर धमनीला पट्टी बांधून (हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्टला मोठं नॉरवुड ऑपरेशन लागतं). मग साधारण ४ ते ६ महिन्यांचं बाळ झालं की ग्लेन, म्हणजे डोकं आणि हातांकडून येणारी वरची मोठी शीर थेट फुफ्फुसाच्या धमनीला जोडायची. यानंतरही सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८० टक्क्यांच्या आसपासच असतं, ओठ निळसर दिसतात, आणि ते अपेक्षितच असतं. शेवटी २ ते ५ वर्षांच्या दरम्यान फॉन्टन, खालची मोठी शीरही फुफ्फुसाला जोडतात, आजकाल बऱ्याचदा हृदयाच्या बाहेरून १८-२० मिलिमीटरची गोअर-टेक्सची नळी टाकून. मूल गुलाबी होतं, सॅच्युरेशन ९० च्या वर जातं, आणि घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे.

पण हृदय "दुरुस्त" झालेलं नसतं हे नीट समजून घ्यायला हवं. रक्त फुफ्फुसातून ढकलायला मागे पंप नाही, म्हणून शिरांमधलं प्रेशरच ते काम करतं. एरवी हे प्रेशर ५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतं, फॉन्टनमध्ये १२ ते १५, आणि ते रात्रंदिवस जन्मभर तसंच. पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी इथून निघतात. लिव्हर रक्ताने तुंबून राहतं आणि हळूहळू त्यात फायब्रोसिस होतो, म्हणजे व्रणासारखे कडक धागे तयार होतात, वर्षं गेली की थोडाफार जवळपास सगळ्यांनाच, आणि रक्ताचे लिव्हरचे रिपोर्ट मात्र बरेचदा चांगले येतात, म्हणून सोनोग्राफी चुकवायची नाही. शिवाय पंपाला मिळणारं रक्त मोजकंच, त्यामुळे जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर असं मूल इतरांपेक्षा खूप लवकर ढासळतं.

सगळ्यात फसवी तक्रार आतड्याची, प्रोटीन लुझिंग एंटेरोपथी. समजा ४ व्या वर्षी फॉन्टन झालेली मुलगी ११ वर्षांची आहे, सकाळी पापण्या सुजतात, पोट फुगलंय, अधूनमधून पातळ संडास, वजनकाटा वर जातोय पण दंड मात्र बारीक होतायत. पापण्यांची सूज बघून पहिला संशय किडनीवर जातो, पण लघवीत प्रोटीन नाही. रक्तातलं मुख्य प्रोटीन अल्ब्युमिन २.१ येतं (किमान ३.५ हवं), म्हणजे प्रोटीन जातंय कुठेतरी, आणि संडासात अल्फा-१ अँटीट्रिप्सिन हे रक्तातलं प्रोटीन वाढलेलं सापडलं की कळतं की ते आतड्यातून गळतंय. सोबत जंतूंशी लढणारी इम्युनोग्लोब्युलिन गळतात म्हणून इन्फेक्शन सहज होतं, गुठळ्या रोखणारी प्रोटीनंही जातात म्हणून गुठळीचा धोका. इथे नुसत्या लघवीच्या गोळ्या वाढवून थांबायचं नाही, कॅथ करून, म्हणजे शिरेतून बारीक नळी आत नेऊन, प्रेशर मोजायचं आणि कुठे अडथळा आहे का ते शोधायचं. या मुलीचं प्रेशर १८ निघतं आणि डाव्या फुफ्फुसाची धमनी जोडाजवळ चिंचोळी झालेली दिसते, तिथे स्टेंट टाकला की प्रेशर उतरतं आणि गळती कमी होण्याची आशा असते. अडथळा सापडलाच नाही तर काम अवघड, मग ब्युडेसोनाइडसारखी स्टिरॉइड औषधं, हृदयाचा ठोका बिघडलाय का ते बघणं, आणि काहीच लागू पडलं नाही तर हार्ट ट्रान्सप्लांट. तेव्हाही आधी लिव्हर तपासावं लागतं, कारण ते फार खराब झालेलं असेल तर नुसतं हृदय बदलून भागत नाही, काहींना हृदय आणि लिव्हर दोन्ही लागतात.