७५० नमुने, ३००० पत्ते आणि एक स्प्रेडशीट

संख्याशास्त्राच्या वर्गात हल्ली एक प्रयोग हमखास करून घेतात. स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक आकड्यांच्या ओळी भरायच्या, प्रत्येक ओळीची सरासरी काढायची आणि त्या सरासऱ्या किती विखुरल्या आहेत ते पाहायचं. दहा मिनिटांचं काम आहे. एकेकाळी यासाठी एका माणसाने पुठ्ठ्याचे ३००० तुकडे पिसले होते.

तो विल्यम सिली गॉसेट. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात १८९९ मध्ये रुजू झालेला रसायनशास्त्रज्ञ. बार्ली आणि हॉप्सच्या चाचण्यांत त्याच्या हाती चार-सहा मापंच यायची. नमुना मोठा केला की सरासरीचा पसारा नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, हे तोवर जुनं ज्ञान होतं. त्याची अडचण पुढची होती: मूळ समूहाचा पसाराच माहीत नसेल आणि तोही चार मापांवरून अजमावायचा असेल, तर सरासरीवर भरवसा किती ठेवायचा?

उत्तराचं गणित त्याने मांडलं, आणि ते पडताळायला इंग्लंडमधल्या ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी घेतली. ही मापं आधीच छापलेली होती. एकेका कैद्याचे आकडे एकेका पुठ्ठ्यावर लिहिले, पुठ्ठे नीट पिसले, एकेक ओढून वहीत उतरवले आणि लागोपाठच्या चार-चारांचा एक नमुना मानला. असे ७५० नमुने झाले. १९०८ मध्ये हा लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापून आला. गंमत म्हणजे आजच्या शीटची मांडणी तीच आहे: ७५० ओळी, चार रकाने.

पत्ते पिसण्यात मात्र एक खोट असते. पिसणं अपुरं झालं तर शेजारचे पत्ते शेजारीच राहतात आणि नमुन्यातली मापं एकमेकांपासून स्वतंत्र उरत नाहीत. हीच कटकट टाळायला लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतल्या क्षेत्रफळांच्या आकड्यांमधून ४१,६०० अंक उचलले आणि १९२७ मध्ये त्यांचा तक्ता छापला. पुढे तक्त्याची जागा शून्य ते एकमधला यादृच्छिक आकडा देणाऱ्या स्प्रेडशीटच्या `RAND()` सूत्राने घेतली. तीही निर्दोष नव्हती. एक्सेल २००३ मध्ये हे सूत्र नव्या पद्धतीवर नेलं, तेव्हा सुरुवातीच्या आवृत्तीत ते शून्य ते एकच्या मर्यादेबाहेर जाऊन कधीकधी चक्क ऋण आकडे द्यायचं. ही चूक नंतर दुरुस्त झाली.

आता गॉसेटची मांडणी आपल्या शीटवर करू. समजा उंचीची सरासरी ६५ इंच आणि प्रमाण विचलन २.५ इंच आहे (सोयीसाठी घेतलेले आकडे, कैद्यांचे नव्हेत).

```
A1:  =NORM.INV(RAND(),65,2.5)
E1:  =AVERAGE(A1:D1)
G1:  =STDEV.S(E1:E750)
```

A1 चं सूत्र D750 पर्यंत ओढा, E1 चं E750 पर्यंत. G1 मध्ये १.२५ च्या आसपास आकडा दिसेल. कारण सरळ आहे. स्वतंत्र मापांची बेरीज केली की विचलनांचे वर्ग मिळवले जातात: २.५ चा वर्ग ६.२५, चौपट २५, म्हणजे बेरजेचं विचलन ५. सरासरीसाठी चारने भागलं की १.२५. रकाने सोळा केले आणि सरासरी व G1 चं सूत्र त्यांच्या पुढच्या रकान्यांत नेलं, तर ०.६२५. पसारा निम्मा करायला मापं चौपट लागतात. पुष्कळांना हे अन्यायाचं वाटतं.

एफ९ दाबलं की सगळे आकडे बदलतात आणि G1 साधारण १.१९ ते १.३१ मध्ये हलत राहतो. ७५० नमुन्यांवर एवढी चळवळ अपेक्षितच आहे. निकाल वहीत उतरवायचा असेल तर आधी आकडे ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने गोठवावेत, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही घरात काही टाइप करताच ते पुन्हा बदलतात.

सर्वांत जास्त गोंधळ ओळी आणि रकाने यांत होतो. ७५० ऐवजी ७५०० ओळी घेतल्या आणि G1 चं सूत्र E7500 पर्यंत वाढवलं तर त्याची चळवळ कमी होते, पण तो १.२५ लाच राहतो. नमुना मोठा होतो तो रकान्यांनी. दुसरी चूक लपलेली असते. वेळ वाचवायला कुणी B1, C1, D1 मध्ये नुसतं `=A1` भरतं. प्रत्येक रकाना वेगळा पाहिला तर ६५ आणि २.५ बरोबर दिसतात, पण G1 मध्ये १.२५ ऐवजी २.५ येतो. चार मापं दिसतात खरी, माहिती मात्र एकाचीच असते. नीट न पिसलेल्या पत्त्यांचा हा टोकाचा नमुना.