बोर्डिंग पासवर SSSS छापून आलं तर: खुणांचा अर्थ आणि रिड्रेस क्रमांकाचा अर्ज

आमच्या सोसायटीतल्या एक काकू दरवर्षी मुलीकडे न्यूजर्सीला जातात. गेल्या तीन फेऱ्यांत तिन्ही वेळा मुंबईच्या गेटवर त्यांना बाजूला घेतलं, पर्स रिकामी केली, चपला तपासल्या. काकूंना वाटलं व्हिसात काहीतरी खोट आहे. मी त्यांचे जुने बोर्डिंग पास मागून घेतले. काकू रेल्वेच्या तिकिटासकट सगळं जपून ठेवतात, ते कामी आलं. तिन्हींवर एका कोपऱ्यात चार अक्षरं होती: SSSS.

त्याकडे येण्याआधी पासवरच्या दोन खुणा पाहू, कारण लोक या खुणांची गल्लत करतात.

SEQ किंवा सिक्वेन्स नंबर म्हणजे त्या फ्लाइटला तुम्ही कितवे चेक-इन झालात तो अनुक्रमांक. 067 म्हणजे सदुसष्टावे. सीटशी त्याचा संबंध नाही, सुरक्षा तपासणीशीही नाही. गेटवर कोण आलं आणि कोण राहिलं हे जुळवताना कर्मचाऱ्यांना तो सोयीचा पडतो.

फेअर क्लास म्हणजे एकच अक्षर. Y बहुतेक ठिकाणी पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, J किंवा C बिझनेस, F फर्स्ट. बाकीची अक्षरं, म्हणजे K, L, Q, T वगैरे, त्याच इकॉनॉमीतले स्वस्त-महाग थर असतात आणि त्यांचा अर्थ प्रत्येक एअरलाइन आपापला ठरवते. शेजारी बसलेल्याने निम्म्या पैशांत तिकीट काढलं असेल तर फरक या अक्षरात असतो. रद्द केल्यावर किती पैसे कापले जातील, माइल्स किती मिळतील, हेही त्यावरच ठरतं. मात्र पासवर काही वेळा हे अक्षर न छापता फक्त केबिनचं अक्षर छापतात. म्हणून परताव्यासाठी भांडायचं असेल तर पास नव्हे, ई-तिकीट उघडा.

हीच माहिती बारकोडमध्येही असते आणि त्याचा साचा जगभर एकच आहे. स्कॅन केल्यावर नमुन्यादाखल अशी ओळ दिसते:

```
M1NAMUNA/PRAVASIMRS   EK7QX2M BOMEWRZZ 0191 134Y034A0067 100
```

M1 म्हणजे एकाच टप्प्याचा प्रवास. मग आडनाव आणि नाव, ई-तिकिटाची खूण E, पीएनआर K7QX2M, मुंबई ते नेवार्क, एअरलाइन, फ्लाइट 191. पुढचा 134 म्हणजे वर्षातला एकशे चौतिसावा दिवस, लीप वर्ष नसेल तर 14 मे. Y हा क्लास, सीट 34A, चेक-इनचा क्रम 67. एअरलाइनने पुढचा वाढीव भाग भरला असेल तर त्यात निवडीच्या खुणेसाठीही एक जागा असते: 0 म्हणजे निवड नाही, 1 म्हणजे SSSS. विमानतळावरून पासचा फोटो टाकणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. आडनाव आणि पीएनआर एवढ्यावर बऱ्याच एअरलाइन्सच्या साइटवर बुकिंग उघडतं.

आता SSSS. ही खूण अमेरिकेच्या टीएसए या वाहतूक सुरक्षा यंत्रणेची आहे. अमेरिकेला जाणाऱ्या, तिथून निघणाऱ्या आणि तिथल्या तिथे उडणाऱ्या फ्लाइटच्या प्रवाशांचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग एअरलाइन आधीच टीएसएला पाठवते. 'सिक्युअर फ्लाइट' नावाच्या व्यवस्थेत ते याद्यांशी ताडून पाहतात आणि उत्तर येतं: मोकळा, जास्तीची तपासणी, किंवा चढू देऊ नका. दुसरं उत्तर आलं की पासवर SSSS छापलं जातं. काहींची निवड नुसती यदृच्छेने होते, काहींची नाव जुळल्यामुळे. कारण कुणालाच सांगत नाहीत, काउंटरवरच्या मुलीलाही ते माहीत नसतं. तिच्यावर चिडून उपयोग नाही.

घरबसल्या पहिला इशारा म्हणजे ऑनलाइन चेक-इन अडतं आणि 'काउंटरवर या' असा निरोप येतो. पण व्हिसा तपासायचा असला तरी हाच निरोप येतो, तेव्हा तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. छापील पास हातात आला की कळतं. मग गेटवर अंगझडती, बॅग उघडून पाहणं, मोबाइल-लॅपटॉपवरून कापडाची पट्टी फिरवून स्फोटकांचे कण तपासणं, एवढं होतं. तपासणी झाल्याची खूण पासवर झाली आहे ना, ते पाहून घ्या, नाहीतर विमानाच्या दारातून परत पाठवतील. हातात अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवा.

एकदा झालं तर विसरून जा. दर वेळी होत असेल तर अर्ज करा. काकूंचं आडनाव आणि नाव इतकं सर्रास आढळणारं आहे की तसल्याच नावाची कुणीतरी यादीत असण्याची शक्यता मला पहिल्यापासून वाटत होती. खरंखोटं कळायला मार्ग नाही.

अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याची 'डीएचएस ट्रिप' ही तक्रार निवारणाची सोय आहे. अर्ज trip.dhs.gov वर होतो, फी नाही. अमेरिकन नागरिक असण्याची अट नाही. वारंवार जास्तीची तपासणी झाली, बोर्डिंगला अडवलं किंवा इमिग्रेशनला थांबवून ठेवलं, यातलं काहीही घडलं असेल तर अर्ज चालतो. लहान मुलांसाठी पालक करू शकतात. भारतीय प्रवाशाला मुख्य कागद लागतो तो चालू पासपोर्टच्या फोटोच्या पानाची स्वच्छ प्रत. घटनेचा तपशील लिहिताना तारीख, फ्लाइट आणि विमानतळ द्या. काकूंचे जपलेले पास इथे उपयोगी पडले.

अर्जात आपल्याकडची मंडळी अडकतात ती नावात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असेल तर ते तसंच्या तसं लिहा. तिकिटावर ते गाळलेलं आणि अर्जात घातलेलं, असं होऊ देऊ नका. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर अमेरिकन व्हिसावर नावाच्या जागी FNU येतं. ही विसंगती तपशिलात एका ओळीत कळवा.

अर्ज केल्यावर सात आकडी नियंत्रण क्रमांक मिळतो. त्यावर अर्ज कुठवर आला ते पाहता येतं आणि निकाल लागल्यावर तोच तुमचा रिड्रेस क्रमांक होतो. निकालाला महिने लागू शकतात, म्हणून तिकीट काढायच्या बरंच आधी अर्ज करा. शेवटी पत्र येतं, पण तुमचं नाव यादीत होतं की नव्हतं हे त्यात सांगत नाहीत.

क्रमांक मिळून भागत नाही. तो प्रत्येक बुकिंगमध्ये 'रिड्रेस नंबर'च्या चौकटीत घालावा लागतो. शेजारीच 'नोन ट्रॅव्हलर नंबर'ची चौकट असते, ती वेगळी. ट्रॅव्हल एजंटकडून तिकीट काढत असाल तर त्याला लेखी द्या आणि नंतर एअरलाइनच्या साइटवर जाऊन क्रमांक दिसतोय का ते स्वतः बघा. यदृच्छेने होणारी निवड या क्रमांकाने टळत नाही, नाव जुळण्यातली गफलत तेवढी सुटते.

काकूंच्या पुढच्या तिकिटावर एजंटने क्रमांक घातला, पण 'नोन ट्रॅव्हलर'च्या चौकटीत. निघायच्या चार दिवस आधी एअरलाइनला फोन करून तो बदलून घेतला. पास आला तेव्हा काकूंनी सीट नंबरच्या आधी कोपरा पाहिला. कोपरा रिकामा होता.