ऊर्ध्ववाहिनीतील घर्षण शीर्षहानीचा अंदाज

पंपगृहापासून उंचावरच्या टाकीपर्यंत दाबाखाली पाणी नेणाऱ्या वाहिनीला ऊर्ध्ववाहिनी म्हणतात. पंपाला दोन कामे करावी लागतात : पाणी उंचीवर चढवणे (स्थिर शीर्ष) आणि वाहिनीच्या भिंतीशी होणारे घर्षण सोसणे (घर्षण शीर्षहानी). स्थिर शीर्ष पातळीमापनातून नेमके कळते. घर्षणाचा मात्र अंदाजच करावा लागतो, आणि वाहिनी काही किलोमीटर लांब असली की पंपाची निवड या अंदाजावर बरीच अवलंबून राहते.

पाणीपुरवठ्यात यासाठी हेझन-विल्यम्स सूत्र सर्रास वापरतात :

```
h = 10.67 × L × Q^1.852 / (C^1.852 × d^4.87)
```

यात h ही शीर्षहानी व L ही लांबी मीटरमध्ये, Q हा प्रवाह घनमीटर प्रतिसेकंदात आणि d हा आतला व्यास मीटरमध्ये असतो. C हा वाहिनीच्या गुळगुळीतपणाचा गुणांक. तो जितका मोठा तितके घर्षण कमी.

समजा, एका शहराला रोज ७२ लाख लिटर पाणी हवे आहे आणि पंप २० तास चालणार आहे. म्हणजे प्रवाह सेकंदाला १०० लिटर. पुष्कळदा मागणी २४ तासांवर विभागली जाते आणि तिथेच गणित चुकते. पंप चालू असतानाचा प्रवाहच घ्यायचा असतो. हेच पाणी १६ तासांत चढवायचे ठरले, तर प्रवाह १२५ लिटर होतो आणि घर्षण दीडपट. वाहिनी ८ किलोमीटर लांब, आतून सिमेंटचे अस्तर असलेली, ३५० मिमी आतल्या व्यासाची धरू. वेग सेकंदाला सुमारे १.०४ मीटर येतो. C = १४० धरल्यास शीर्षहानी २१ मीटर येते. डार्सी-वाइसबाख सूत्राने, भिंतीचा खडबडीतपणा ०.१ मिमी धरून, हेच गणित केले तरी उत्तर २१ मीटरच्या आसपास राहते. बाक आणि झडपा यांची हानी इतक्या लांब वाहिनीत एखाद्या मीटरची असते. तिच्यावर वेळ घालवण्यापेक्षा C आणि d नीट ठरवणे अधिक मोलाचे.

C काळानुसार घसरतो. याच वाहिनीत तो १२० झाला तर हानी २८ मीटर, १०० झाला तर ३९ मीटर. म्हणून खबरदारी म्हणून सुरुवातीलाच कमी C धरण्याची प्रवृत्ती दिसते. तीही निर्धोक नाही. ३९ मीटर घर्षण गृहीत धरून घेतलेल्या अपकेंद्री पंपाला नव्या वाहिनीत तेवढा विरोध मिळत नाही. मग तो ठरल्यापेक्षा जास्त पाणी ओढतो, मोटरवर जादा भार येऊ शकतो आणि चोषणाच्या बाजूला दाब घटून पाण्यात वाफेचे बुडबुडे होण्याचा, म्हणजे पोकळीभवनाचा धोका वाढतो. यावर उपाय म्हणजे नव्या आणि जुन्या वाहिनीसाठी प्रवाह व एकूण शीर्ष यांचे दोन वेगळे वक्र काढायचे व पंपाचा वक्र दोन्हींना त्याच्या चांगल्या कार्यक्षमतेच्या पट्ट्यात छेदतो की नाही ते पाहायचे.

व्यासाच्या बाबतीत चूक अधिक महागात पडते, कारण त्याचा घात जवळजवळ पाच आहे. पॉलिएथिलीन पाइपची ओळख बाहेरच्या व्यासाने होते. ३५५ मिमीच्या पाइपची भिंत २१ मिमी जाड असेल, तर पाण्यासाठी ३१३ मिमीच उरतात. वरच्या उदाहरणात तो ३५० मिमीचा समजून वापरला, तर C तोच राहूनही २१ मीटरऐवजी ३६ मीटर हानी होईल.

वाहिनी चालू झाल्यावर अंदाज पडताळता येतो. पंपाच्या निर्गम बाजूचा दाबमापक आणि प्रवाहमापक स्थिर वाहात असताना एकाच वेळी वाचायचे. समजा दाब ७.५ किलो प्रति चौरस सेंमी, म्हणजे ७५ मीटर, आणि प्रवाह ९२ लिटर आहे. दाबमापकापासून टाकीतल्या निर्गमापर्यंतची उंची ४५ मीटर असेल, तर घर्षणाला ३० मीटर गेले. C = १४० ला याच प्रवाहासाठी १८.१ मीटर अपेक्षित होते. म्हणून प्रत्यक्षातला C असा निघतो :

```
C = 140 × (18.1 / 30)^0.54 ≈ 107
```

मात्र १०७ म्हणजे वाहिनी आतून खराब झाली, असे लगेच म्हणता येत नाही. उंचवट्यावर अडकलेली हवा किंवा अर्धवट उघडलेली झडपसुद्धा हाच आकडा दाखवते. त्यासाठी वाटेतल्या एअर व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये दाबमापक लावून तिथला दाब व पातळी यांची बेरीज आलेखावर मांडतात. रेषा सगळीकडे सारखीच तीव्र उतरली तर दोष वाहिनीभर पसरलेल्या खडबडीतपणाचा किंवा चुकीच्या व्यासाचा. ती एखाद्याच टप्प्यात एकदम खाली आली, तर आधी त्या टप्प्यातले एअर व्हॉल्व्ह आणि झडपा उघडून पाहाव्यात.