हुंडीच्या आत काय काय असायचं: आग्रा, सुरत आणि पुण्याच्या पेढ्यांची पार्श्वभूमी

सतराव्या शतकात आग्र्याजवळच्या बयाण्याची नीळ युरोपात आणि पश्चिम आशियात जाई. ती खरेदी करायला चांदी लागे, आणि ती चांदी जहाजांतून उतरे सुरतेला. सुरतेहून आग्रा बैलगाडीने पस्तीस-चाळीस दिवसांवर. वाटेत नद्या, घाट, जकातनाके आणि लुटारू. मुघल रुपयाचं वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे एक लाख रुपये नुसते वजनालाच टनाहून जास्त भरत. एवढी चांदी हलवायची तर गाड्या, बैल, पहारेकरी आणि त्यांचा महिनाभराचा खर्च, शिवाय पोचण्याची खात्री नाहीच. तरीही दर हंगामात नीळ खरेदी होत होती आणि शेतकऱ्यापर्यंत रोख पैसा पोचत होता. हे जमलं हुंडीमुळे, म्हणजे दुसऱ्या गावच्या माणसाने ठरलेली रक्कम द्यावी असं लिहिलेल्या कागदामुळे.

हुंडीचं वर्णन सहसा ‘जुन्या काळची मनीऑर्डर’ असं केलं जातं. माझ्या मते त्यात तिचा अर्धाच भाग येतो. पैसे एका गावातून दुसऱ्या गावी पोचवणं हे तिचं एक काम होतं. त्याच कागदात कर्ज होतं, नाण्यांच्या भावातला फरक होता आणि पुष्कळदा वाटेतल्या धोक्याची किंमतही होती. एक व्यवहार उलगडला की हे दिसतं.

समजा आग्र्यातल्या व्यापाऱ्याला 5,000 रुपयांची नीळ घ्यायची आहे, पण जवळ रोकड नाही. त्याचा भागीदार किंवा अडत्या सुरतेला आहे. व्यापारी आग्र्यातल्या सराफाकडे जातो, त्याच्याकडून 5,000 रुपये रोख घेतो आणि त्या बदल्यात सुरतेच्या आपल्या माणसावर 5,250 रुपयांची हुंडी लिहून देतो. मुदत दोन महिन्यांची. सराफ ती हुंडी सुरतेच्या आपल्या पेढीला पाठवतो. तिकडे नीळ गाड्यांतून सुरतेला पोचते, विकली जाते किंवा जहाजावर चढते, आणि मुदत भरली की भागीदार हुंडीचे पैसे चुकते करतो. आग्र्यातून एक रुपयाही निघालेला नसतो.

वरचे 250 रुपये म्हणजे हुंडणावळ, शेकडा पाच. हा दर मनाने घेतलेला नाही. ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकाच्या मध्यावर या वाटांनी अनेकदा फिरला. सुरतेवर दोन महिन्यांच्या मुदतीने लिहिलेल्या हुंड्यांचे गावोगावचे दर त्याने नोंदवून ठेवले आहेत. आग्र्याला सव्वाचार ते पाच टक्के, बुऱ्हाणपूरला अडीच ते तीन, अहमदाबादला एक ते दीड, आणि दूरच्या ढाक्याला दहा. अंतर वाढलं की दर वाढतो हे उघड आहे, पण कारण नुसतं अंतराचं नाही. आपल्या उदाहरणात बाजाराचं व्याज महिना एक टक्का धरलं तर दोन महिन्यांचे 100 रुपये व्याजाचे झाले. मग उरलेले 150 कशाचे?

त्यातला काही भाग सराफाच्या कामाचा आणि नाण्याच्या फरकाचा. टांकसाळीतून नुकताच निघालेला सिक्का रुपया पूर्ण किमतीला चाले. जुना, झिजलेला किंवा आधीच्या बादशहाच्या नावाचा असेल तर त्यावर बट्टा बसे, आणि तो बट्टा गावागणिक वेगळा असे. आग्र्यात दिलेला रुपया आणि सुरतेत मिळायचा रुपया एकाच किमतीचा नसे, म्हणून कोणत्या नाण्यात पैसे द्यायचे हे हुंडीत स्पष्ट लिहावं लागे. बाकीचा भाग धोक्याचा. ताव्हेर्नियेने दर चढे असण्याचं कारण हेच दिलं आहे की माल वाटेत लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचेही पैसे बुडत. जोखमी हुंडी म्हणून जो प्रकार पुढेही चालू राहिला, त्यात माल सुखरूप पोचला तरच हुंडी पटवायची हे ठरलेलंच असे. म्हणजे विमा वेगळा घ्यायची गरज नव्हती. वाटेवरच्या राजांमध्ये कुरबुर सुरू झाली की हुंडणावळ टक्का-दोन टक्के वर जाई. कोणती वाट धोक्याची आहे हे या दरावरून सराफकट्ट्यावर बसून कळत असे.

पण सुरतेच्या पेढीकडे दर वेळी पैसे आणि आग्र्याच्या पेढीकडे दर वेळी रोकड कुठून येणार? इथे व्यापाराची दोन्ही दिशांची वाहतूक कामी येते. सुरतेत समुद्रावरून चांदी येत होती आणि उत्तरेचा माल खरेदी करण्यासाठी ती उत्तरेकडे जायला हवी होती. उलट उत्तरेच्या व्यापाऱ्यांना सुरतेत माल घ्यायला पैसे लागत. दोन्हीकडच्या हुंड्या सराफांच्या वह्यांत एकमेकींविरुद्ध वळत्या होत आणि शिल्लक राहिलेला फरक तेवढा चांदीत पाठवावा लागे. हा फरक एकाच बाजूने वाढत गेला, उदाहरणार्थ जहाजं उशिरा आली आणि सुरतेत चांदीची टंचाई झाली, की दर चटकन बदलत. इंग्रज कंपनीच्या सुरतेच्या वखारीला हे फार जाचे. जहाजं यायच्या आधी माल गोळा करायचा तर कर्ज काढावं लागे, आणि ते देऊ शकणारे सावकार मोजके. त्यांत विरजी व्होरा हे नाव मोठं. 1630 आणि 1640च्या दशकांत वखार त्याच्या कर्जात इतकी अडकली होती की मिरीसारख्या मालातल्या त्याच्या मक्तेदारीची तक्रार करतानाच त्याच्याचकडे पुन्हा पैसे मागावे लागत. 1664च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा ज्या घरांवर सगळ्यात आधी नजर गेली, त्यांत विरजी व्होराचं घर होतं.

हुंडी चुकीच्या हातात पडली तर काय, हा प्रश्न सराफांनी फार बारकाईने सोडवला होता. सगळ्यात चलनात होती ती शाहजोग हुंडी. तिचे पैसे ‘शहा’ला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा व्यापाऱ्यालाच द्यायचे. चोरलेली हुंडी घेऊन अनोळखी माणूस पेढीवर आला तर त्याला पैसे मिळत नसत, आणि पतदार व्यापाऱ्यामार्फत आला तर पुढे काही निघालं की तो व्यापारी जबाबदार. रक्कम बदलता येऊ नये म्हणून ती आकड्यात आणि अक्षरी लिहून शिवाय ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ असंही लिहीत. हुंडी गहाळ झाली तर पैठ, म्हणजे तिची दुसरी प्रत, आणि पैठही हरवली तर परपैठ. हुंडी सकारली जाणार नाही अशी शंका असली तर लिहिणारा सोबत जिकरी चिठ्ठी देई. त्याच गावातल्या दुसऱ्या एखाद्या पेढीला ती विनंती असे की वेळ पडली तर तुम्ही पैसे देऊन आमची अब्रू राखा. पैसे दिले गेले की हुंडी रद्द होऊन तिचं खोकं होई आणि ते पुरावा म्हणून जपून ठेवत. यातलं बहुतेक सगळं कोर्टाशिवाय चाले. परत आलेली हुंडी म्हणजे पेढी अडचणीत असल्याची पहिली खूण, आणि ती बातमी टपालाइतक्याच वेगाने पुढच्या गावी पोचे. मग त्या पेढीच्या बाकीच्या हुंड्या कुणी हातात धरत नसे.

पेढीची ताकद तिजोरीत नसून पतीत होती याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुर्शिदाबादचं, आणि त्याचा संबंध थेट नागपूरकर भोसल्यांशी आहे. 1742 मध्ये भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांची फौज बंगालमध्ये असताना तिला मिळालेल्या मीर हबीबने तिच्यातली एक तुकडी घेऊन मुर्शिदाबादवर छापा घातला आणि तिथले सगळ्यात बडे सराफ जगतशेठ फतेहचंद यांची कोठी लुटली. एका फारसी इतिहासकाराने लुटीचा आकडा दोन कोटी रुपये दिला आहे. तो फुगवलेला असावा, कारण इतर वर्णनांत रक्कम फारच कमी आहे. पण तोच इतिहासकार पुढे लिहितो की त्यानंतरही जगतशेठांच्या एकेक कोटीच्या दर्शनी हुंड्या चालूच राहिल्या. दर्शनी म्हणजे दाखवताक्षणी पटवायची. हे शक्य झालं कारण बंगालचा वसूल त्यांच्या पेढीतून दिल्लीला जात होता आणि टांकसाळीवर त्यांचा वरचष्मा होता. लुटली गेली ती त्या दिवशीची शिल्लक, पुढच्या वर्षीचा वसूल नव्हे.

मराठी राज्याचा पैसाही याच वाटांनी फिरला, मात्र इथे माल कमी आणि महसूल जास्त. माळवा आणि बुंदेलखंडातला वसूल पुण्याला हुंड्यांनी येई. फौजेला मात्र पैसे लागत मोहिमेच्या सुरुवातीला, आणि वसूल हाती येई पिकं निघाल्यावर. ही फट सावकार भरून काढत. वसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे कमाविसदाराने, परगणा घेताना अपेक्षित वसुलाचा मोठा हिस्सा आगाऊ सरकारात भरायचा. याला रसद म्हणत, आणि ती भरायला तो स्वतः सावकाराकडून व्याजाने काढी. सरकारने थेट सावकाराकडून घेतलेल्या रकमेसाठी एखाद्या परगण्याच्या वसुलावर वरात दिली जाई, म्हणजे तिथल्या कमाविसदाराने पैसे परस्पर सावकाराला द्यायचे.

यात एक दुबळी बाजू होती. निळीच्या हुंडीमागे खरोखरचा माल होता, दोन महिन्यांत विकला जाणारा. वरातीमागे होता येणाऱ्या वर्षाचा वसूल, आणि तो दुष्काळात किंवा परगणा हातचा गेला की येतच नसे. शिवाय राज्यकर्ता कर्जदार असला की त्याच्याकडून वसुली करायला बाजाराची अब्रू पुरी पडत नाही. सावकाराला मग राजकारणात उतरावं लागे. थोरले बाजीराव 1740 मध्ये मोठं कर्ज मागे ठेवून वारले, तेव्हा त्यांचे सावकार आणि सोयरे असलेल्या बाबूजी नाईक बारामतीकरांनी स्वतःच पेशवाईवर हक्क सांगितला आणि नानासाहेबांकडे कर्जाचा तगादा लावला. ती रक्कम उभी करायला पेशव्यांच्या विश्वासातलं घराणं असलेले पुरंदरे धावून आले तेव्हा कुठे नानासाहेब मोकळे झाले.

मोठ्या पेढ्या खिळखिळ्या झाल्या त्या लुटीने कमी आणि वसूल त्यांच्या हातून गेल्याने अधिक. 1763 मध्ये बंगालचा नवाब मीर कासिम याने जगतशेठ घराण्यातल्या दोघा प्रमुखांना ठार केलं, पण घराण्याचा पाया गेला तो 1765 मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, मिळाल्यावर आणि 1772 मध्ये खजिना कलकत्त्याला हलवल्यावर. सरकारी वसूल आता त्यांच्या पेढीतून जाईना. 1835 मध्ये कंपनीने सगळ्या मुलखात एकच रुपया लागू केला तेव्हा बट्ट्यावरची कमाईही आटत गेली. व्यापाऱ्यांची आपापसातली हुंडी मात्र टिकली. 1881च्या परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्याने देशी भाषांत लिहिलेल्या कागदांबाबतचे स्थानिक रिवाज मुद्दाम तसेच चालू राहू दिले, आणि मुंबईच्या बाजारात मुलतानी सराफ विसाव्या शतकातही कापसाच्या आणि कापडाच्या व्यापाऱ्यांना मुदती हुंडीवर पैसे देत राहिले.